२ ते ३० एप्रिल : एका द्राक्ष निर्यातदाराचा फॉरवर्ड करार, ओळीओळीने

पिंपळगाव बसवंतजवळ पॅकहाउस असलेल्या एका निर्यातदाराचं हे प्रकरण आहे. सगळे त्यांना नाना म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव ठेवतो. निफाड आणि दिंडोरीच्या बागांतला माल घेऊन ते दर हंगामात न्हावाशेवामार्गे नेदरलँड्सला कंटेनर पाठवतात. शेतकऱ्यांचे पैसे रुपयांत द्यायचे आणि युरोपातल्या खरेदीदाराकडून युरो यायचे, दोन्हींच्या मध्ये दोन-अडीच महिने जातात. तेवढ्यात युरो दोन रुपयांनी घसरला तर हंगामाची कमाईच जाते. त्यामुळे या वर्षी त्यांनी नाशिकमधल्या आपल्या बँकेत एक लाख युरोचा फॉरवर्ड करार केला, म्हणजे एप्रिलमध्ये येणारे युरो कोणत्या भावाने विकायचे ते फेब्रुवारीतच पक्कं केलं. निर्यातदारांची बँकेची कागदपत्रं पाहणं हे माझं रोजचं काम. नाना बँकेचं कन्फर्मेशन घेऊन माझ्याकडे आले, तिथून पुढचा सगळा हिशेब मी जवळून पाहिला. खालचे भाव हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, पण त्यांतली गणितं तशीच आहेत.

नानांची पहिली हरकत अगदी वरच्या ओळीवर होती. कागदावर लिहिलं होतं की बँक युरो एक लाख 'बाय' करत आहे. "साहेब, मला विकायचेत. हे खरेदी कुठून आलं?" बँकेचा कागद बँकेच्या बाजूने बोलतो. बँक विकत घेते, म्हणजे आपण विकतो. ही ओळ सोपी असली तरी तपासायचीच. आयात आणि निर्यात दोन्ही करणाऱ्या एखाद्या कारखान्याचा करार उलट्या दिशेने नोंदला गेला आणि ते महिनाभराने लक्षात आलं, तर तो निस्तरायला फार महाग पडतो. दिशा, चलन, रक्कम आणि डील नंबर या चार गोष्टी कागद हातात आल्या दिवशीच पाहाव्यात. करार फोनवर बोलणं झालं तेव्हाच झालेला असतो. ते बोलणं बँक रेकॉर्ड करते, आणि कन्फर्मेशन हा त्याचा लेखी पुरावा असतो. सही केली नाही म्हणजे करार झाला नाही, असं होत नाही. चूक असेल तर लगेच लेखी कळवावं लागतं.

दुसरी हरकत भावाची होती, आणि तिच्यात खरा मुद्दा होता. ५ फेब्रुवारीला करार झाला तेव्हा युरोचा हजर भाव ९२ रुपये होता. त्याच्या दोन कामकाजी दिवसांनंतरची, म्हणजे ७ फेब्रुवारीची, तारीख धरून तो भाव निघतो. नानांनी फोनवर ऐकलं होतं की एप्रिलअखेरचा प्रीमियम ८२ पैसे चालू आहे. बँक स्वतःचं मार्जिन ८ पैसे कापते, हे त्यांना माहीत होतं. म्हणजे ९२ रुपये ७४ पैसे मिळायला हवे होते. कागदावर मात्र ९२ रुपये ४६ पैसे होते. लाख युरोवर हा फरक २८,००० रुपये होतो. बँकेने फसवलं अशीच त्यांची खात्री झाली होती.

आधी हा प्रीमियम काय आहे ते सांगितलं. युरो एप्रिलमध्ये वाढेल असा बँकेचा अंदाज आहे म्हणून ती जास्त भाव देते, असं बरेच जण समजतात. तसं नसतं. बँक नानांचे युरो आज घेण्याचं कबूल करते तेव्हा ती स्वतःला मोकळी ठेवत नाही. ती लगेच बाजारात तेवढेच युरो विकते आणि नानांचे येईपर्यंतच्या काळासाठी पैशांची देवघेव करून ठेवते. रुपयावरचं व्याज युरोवरच्या व्याजापेक्षा जास्त आहे, म्हणून तेवढा काळ युरो आधी विकून रुपये हाती असल्याचा फायदा होतो. तो फायदा प्रीमियमच्या रूपाने निर्यातदाराकडे येतो. प्रत्यक्षात बाजारात युरो आणि रुपया यांचा थेट सौदा फारसा होत नाही. बँक युरो-डॉलर आणि डॉलर-रुपया असे दोन सौदे जोडते, पण नानांपुरता हिशेब व्याजातल्या फरकाचाच. या उदाहरणात तो दिवसाला साधारण एक पैसा पडतो. म्हणजे प्रीमियम हा दिवस मोजून मिळतो, आणि प्रश्न एवढाच उरतो की दिवस कोणत्या तारखेपर्यंत मोजायचे.

याचं उत्तर कागदाच्या मधल्या ओळीत होतं. तिथे एक तारीख नव्हती. 'डिलिव्हरी २ एप्रिल ते ३० एप्रिल' अशी मुदत होती. (१ एप्रिलला बँकांचं वार्षिक हिशेबाचं काम असल्याने परकीय चलनाचा बाजार बंद असतो, म्हणून २ तारीख.) या मुदतीत कोणत्याही कामकाजी दिवशी नाना युरो आणून देऊ शकतात. दिवस ते ठरवतील, बँक नाही. बँकेला मात्र हे माहीत नसतं की युरो २ तारखेला येतील की ३० ला. म्हणून ती स्वतःसाठी वाईट असणारा दिवस धरते. निर्यातदाराला प्रीमियम द्यायचा असतो तेव्हा हा दिवस मुदतीचा पहिला असतो. ७ फेब्रुवारी ते २ एप्रिल हे ५४ दिवस होतात, म्हणून ५४ पैसे. त्यातून ८ पैसे गेले की ९२ रुपये ४६ पैसे. भाव बरोबर होता.

नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे महिनाभराची मोकळीक मला अठ्ठावीस हजाराला पडली." अगदी तसंच. आणि ती मोकळीक त्यांना पूर्ण लागणारही नव्हती. कंटेनर फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात भरायचे होते. माल पोचायला, खरेदीदाराने तपासायला, विकायला आणि पट्टी पाठवायला लागणारा वेळ धरला, तर एप्रिलच्या पहिल्या दोन आठवड्यांत पैसे येण्याची शक्यताच नव्हती. मुदत २१ ते ३० एप्रिल अशी मागितली असती तर ७३ दिवसांचा प्रीमियम मिळाला असता आणि भाव ९२ रुपये ६५ पैसे पडला असता. १९,००० रुपये फक्त मुदत लहान मागितल्याने वाचले असते. फोनवर नानांनी "एप्रिलचा करा" एवढंच म्हटलं होतं, आणि बँकेच्या माणसाने अख्खा महिना घेतला. त्याची चूक म्हणता येणार नाही, पण नीट विचारणारा कुणी असता तर बरं झालं असतं. माझ्या मते मुदत ठरवताना निर्यातदाराने स्वतःच्या आधीच्या दोन-तीन हंगामांच्या पट्ट्या काढून पाहाव्यात. कोणत्या कंटेनरचे पैसे बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीच्या, तारखेनंतर किती दिवसांनी आले, हे त्याच्याच फाइलमध्ये असतं. बँकेकडे ते नसतं.

याच ओळीतल्या एका गैरसमजाने पुढे खरं नुकसान झालं असतं. कागदावर या मुदतीला 'ऑप्शन पिरियड' म्हटलं होतं. नानांनी त्याचा अर्थ असा घेतला होता की युरो द्यायचे की नाहीत, हेही आपल्या मर्जीवर आहे. भाव वर गेला तर बाजारात विकू, खाली आला तर बँकेला देऊ. अशी सवलत देणारा वेगळा करार असतो, करन्सी ऑप्शन. त्या सवलतीची किंमत आपल्यालाच सुरुवातीला मोजावी लागते, आणि तिलाही प्रीमियमच म्हणतात. फॉरवर्डमध्ये मर्जी फक्त दिवसाची आहे. ३० एप्रिलपर्यंत एक लाख युरो द्यायचे ही बांधिलकी आहे, आणि न दिल्यास तो करार त्या दिवसाच्या भावाने मोडून फरक वसूल होतो. बागेचा सौदा किलोच्या भावाने ठरला आणि मग बाजार वर गेला म्हणून शेतकऱ्याने माल दुसऱ्याला दिला, तर व्यापारी काय म्हणेल, हे नानांना मी सांगायची गरज नव्हती.

इथे मी त्यांना जो प्रश्न विचारला तो करार करण्याआधी विचारला जायला हवा होता. एक लाख युरो हा आकडा आला कुठून? नानांचा खरेदीदाराशी व्यवहार असा होता की चार कंटेनरवर ८०,००० युरोची किमान हमी, आणि माल चांगल्या भावाने विकला तर वरची रक्कम हंगामाच्या पट्टीत. गेल्या वेळी वरची रक्कम चांगली आली होती, म्हणून त्यांनी लाख धरले. हमीसुद्धा माल सुस्थितीत पोचला तरच लागू असते. म्हणजे ८०,००० युरो बऱ्यापैकी पक्के आणि वरचे २०,००० अंदाजाचे. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की हेजची, म्हणजे अशा कराराने सुरक्षित केलेली, रक्कम प्रत्यक्ष जोखमीपेक्षा जास्त असू नये. अंदाजाच्या निर्यातीवरही करार करता येतो, पण त्यातली अडचण पुढे कळतेच.

मार्च संपत आला तेव्हा अडचणी सुरू झाल्या. तांबड्या समुद्रातला मार्ग टाळून जहाज केप ऑफ गुड होपला वळसा घालून गेलं. २०२३ च्या अखेरीपासून अनेक जहाजं असंच करत आली आहेत, आणि त्याने प्रवास दीड-दोन आठवडे लांबतो. द्राक्षाला हे दिवस सोसत नाहीत. दोन कंटेनर आधी लागले आणि त्यांतला माल बरा निघाला. नंतरच्या दोनमध्ये देठ सुकलेले आणि काही पेट्यांत मणी गळालेले असा वांधा निघाला.

२४ एप्रिलला पहिले ४०,००० युरो आले. त्याच संध्याकाळी नानांचा आनंदाने फोन आला, की बँकेने ९३ रुपये ६० पैशांनी रुपये जमा केले, कराराच्या भावापेक्षा एक रुपया चौदा पैसे जास्त! मी म्हटलं, नाना, उद्या सकाळी आधी शाखेत जा. झालं असं होतं की परदेशातून पैसे आले की ते कशाविरुद्ध घ्यायचे याची सूचना ग्राहकाने द्यायची असते. तिच्यात बिलाचा नंबर आणि फॉरवर्डचा डील नंबर दोन्ही लागतात. नानांच्या पत्रात डील नंबर नव्हता. शाखेने कार्डाच्या भावाने, म्हणजे बँकेने त्या दिवशी सगळ्यांसाठी जाहीर केलेल्या भावाने, युरो बदलले, आणि करार तसाच पूर्ण लाखाचा उघडा राहिला. युरो तेव्हा चढला होता. हे ४०,००० करारात गेले नसते तर महिनाअखेरीस तेवढा भाग मोडावा लागला असता, आणि खाली जो मोडण्याचा भाव येतो त्याप्रमाणे युरोला १ रुपया ६२ पैसे भरावे लागले असते. ९३.६० मिळाले, १.६२ गेले, हातात ९१.९८ उरले. करारात दिले असते तर ९२.४६. म्हणजे आनंदाची ती जमा प्रत्यक्षात युरोला ४८ पैशांनी, एकूण १९,२०० रुपयांनी, तोट्याची होती. शाखेने दुसऱ्या दिवशी नोंद उलटवून ४०,००० युरो करारात घेतले आणि ३६,९८,४०० रुपये जमा केले. दुसऱ्याच दिवशी पोचल्यामुळे हे जमलं. उशीर झाला असता तर शाखा इतक्या सहज तयार झाली असती असं मला वाटत नाही.

उरले ६०,००० युरो. खरेदीदाराच्या पत्राप्रमाणे त्यांतले ५०,००० मे महिन्याच्या मध्यानंतर येणार होते आणि १०,००० वांध्यात कापले जाणार होते. नानांचा पहिला विचार होता की बँकेला थोडं थांबायला सांगू, पैसे आले की देऊ. कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेली अट त्यांना मी तेव्हा मोठ्याने वाचायला लावली. मुदत संपली आणि ग्राहकाकडून काहीच सूचना नसेल, तर ठरलेल्या दिवसांत बँक करार आपणहून मोडते. त्यात तोटा निघाला तर तो ग्राहकाकडून वसूल होतो, आणि फायदा निघाला तर तो ग्राहकाला मिळत नाही. हाच करार ग्राहकाने मुदतीच्या आत स्वतः सांगून मोडला, तर फायदाही त्याचा होतो. अंदाजाच्या निर्यातीवरच्या करारात मात्र निव्वळ फायदा ती निर्यात प्रत्यक्ष झाल्यावरच हाती येतो. म्हणजे गप्प बसणारा दोन्हीकडून हरतो. नानांच्या बाबतीत युरो वर असल्याने तोटाच होता, पण युरो खाली असता तर केवळ एक ई-मेल न पाठवल्याने हक्काचे पैसे गेले असते.

२८ एप्रिलला नानांनी लेखी कळवलं. मुदत वाढवणे असं सगळे म्हणतात, पण प्रत्यक्षात बँक जुना करार त्या दिवसाच्या भावाने मोडते आणि नवा करार नव्या भावाने करते. जुन्याच भावाने पुढे ढकलायला परवानगी नाही. २८ चा हजर भाव ३० एप्रिलसाठी लागू होणारा, म्हणजे नेमका मुदतीच्या शेवटच्या दिवसाचा होता. युरो ९४ रुपये होता. नाना युरो देऊ शकत नाहीत, म्हणून बँक कागदोपत्री त्यांना तेच युरो विकते, आणि विकताना मार्जिन वर चढतं, ९४ रुपये ८ पैसे. ९२.४६ ला घेतलेले ९४.०८ ला परत दिले, फरक १ रुपया ६२ पैसे. ६०,००० युरोवर ९७,२०० रुपये खात्यातून वळते झाले.

हा आकडा पाहून नाना हबकले, आणि मला वाटतं इथेच या प्रकारच्या करारातली सगळ्यात कमी समजली जाणारी गोष्ट आहे. हे ९७,२०० रुपये एकाच जातीचे नाहीत. त्यांतले ८१,००० त्या ५०,००० युरोवरचे आहेत, जे येणार आहेत. त्यांच्यासाठी नवा करार १२ ते २२ मे या मुदतीचा झाला. हजर भाव ९४, त्यात ३० एप्रिल ते १२ मे असे १२ दिवसांचे १२ पैसे, वजा मार्जिन ८, म्हणजे ९४ रुपये ४ पैसे. आज युरोमागे १.६२ भरले, पण मे महिन्यात ९४.०४ मिळणार. वजाबाकी केली तर ९२ रुपये ४२ पैसे. मूळ करार ९२.४६ चा होता. म्हणजे मुदतवाढीचा खरा खर्च युरोला ४ पैसे, एकूण २,००० रुपये! बाकीचे ७९,००० तोटा नव्हता. ते आधी गेले आणि नंतर येणार होते. पण ते गेले ऐन एप्रिलअखेरीस, जेव्हा शेतकऱ्यांचे उरलेले हप्ते द्यायचे होते आणि युरो अजून आले नव्हते. हा रोखीचा ताण खरा होता, आणि करार करताना तो कुणी नानांना सांगितला नव्हता.

उरलेल्या १०,००० युरोचे १६,२०० मात्र कायमचे गेले. ते युरो कधी येणारच नव्हते, म्हणून नवा करारही करता येत नव्हता. एखादं दुसरं युरोचं बिल असतं तर बँकेला सांगून हा भाग त्याच्यावर घेता आला असता, पण नानांचा दुसरा माल मनुका, आणि तो आखाती देशांत डॉलरमध्ये जातो. हमीपेक्षा जास्त रक्कम धरल्याची ही किंमत. युरो तेव्हा खाली असता तर याच १०,००० वर फायदा दिसला असता, आणि नानांनी पुढच्या वर्षी दीड लाखाचा करार केला असता. ते जास्त धोक्याचं झालं असतं.

१९ मे रोजी ५०,००० युरो आले. या वेळी पत्रात डील नंबर होता. ९४.०४ ने ४७,०२,००० रुपये जमा झाले. सगळं मिळून ३६,९८,४०० अधिक ४७,०२,००० वजा ९७,२००, म्हणजे ८३,०३,२०० रुपये. ९०,००० युरोवर सरासरी ९२ रुपये २६ पैसे पडली. "करार केला नसता तर चौऱ्याण्णवच्या आसपास मिळाले असते," असं नाना म्हणालेच. ते खरं आहे. पण त्यांचा खर्चाचा हिशेब मी फेब्रुवारीत पाहिला होता. मालाचा भाव, पॅकिंग, शीतगृह, भाडं सगळं धरून त्यांना युरोला ९० रुपये मिळाले तरच हंगाम सुटणार होता. युरो ८८ वर गेला असता तर देणी कुठून भागवली असती, याचं उत्तर त्यांच्याकडे तेव्हा नव्हतं. करार त्या प्रश्नासाठी होता.

पुढच्या हंगामासाठी त्यांनी काय ठरवलं ते त्यांनीच माझ्यासमोर कागदावर लिहिलं. करार फक्त किमान हमीच्या रकमेचा, तोही चार कंटेनरसाठी दोन तुकड्यांत, म्हणजे एकाचे पैसे लांबले तरी दुसरा अडकणार नाही. मुदत दहा दिवसांची, आणि ती केपच्या वळशाचे दिवस धरून मोजलेली. हमीवरची रक्कम पट्टी हातात पडल्यावर त्या दिवसाच्या भावाने. मुदत संपायच्या पाच दिवस आधीची तारीख पॅकहाउसच्या कॅलेंडरवर, आणि त्या दिवशी बँकेला लेखी सूचना, पैसे आलेले असोत वा नसोत. शेवटी त्यांनी एक ओळ स्वतःहून वाढवली : डील करताना फोनवर मुदतीच्या दोन्ही तारखा बोलून घ्यायच्या आणि त्या दोन्ही तारखांचे भाव वेगवेगळे विचारायचे. ही ओळ मला सुचली नव्हती. तेव्हापासून मी ती दुसऱ्या निर्यातदारांनाही सांगतो.